चार पाने, सहा दुकली : ओमाहातील हातांच्या निवडीविषयी

तीन पत्तीत मुरलेल्या माणसाच्या हातात तीन एक्के आले की त्याला फक्त एकच काम उरते : चेहऱ्यावर काही दिसू न देणे. तोच माणूस ओमाहाच्या टेबलावर बसला आणि त्याला तीन एक्के व एक सत्ती आली, तर त्याचा जीव तसाच वरखाली होईल. पण इथे हा हात बहुतेक वेळा टाकून देण्याच्या लायकीचा असतो. चारही एक्के एकाच हातात आले तर आणखी वाईट. हे उफराटे वाटते खरे, पण ते का घडते हे नीट समजले की ओमाहात कोणती पाने घेऊन डावात शिरायचे याचा निम्मा उलगडा झाला म्हणून समजा. ही पुस्तिका तेवढ्या एका निर्णयाविषयी आहे : चार पाने हातात आली, अजून टेबलावर काहीच उघडलेले नाही, आता खेळायचे की टाकायचे?

आधी नियम. टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात. या सातांतली कोणतीही पाच घेऊन हात लावायचा. ओमाहात टेबलावरची पाच पाने तशीच, पण हातात चार. आणि हात लावताना स्वतःची नेमकी दोन व बोर्डावरची नेमकी तीन पाने घ्यायची. एक घेऊन चालत नाही, तीन घेऊन चालत नाहीत. बोर्डावर बदामाची चार पाने पडली आणि तुमच्याकडे बदामाचा एक्का आहे, पण दुसरे बदाम नाही, तर तुमचा फ्लश होत नाही. होल्डेमहून आलेला खेळाडू नेमका इथे पैसे घालवतो. हात उघडून दाखवतो आणि डीलरने पॉट समोरच्याकडे सरकवला की चक्रावून बघत राहतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट टर्नर यांनी हा खेळ लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत बिल बॉइड यांच्यापुढे मांडला आणि तिथून तो पसरला. तेव्हापासून ‘नेमकी दोन’ ही अट कायम आहे आणि हातांच्या निवडीचे सगळे शास्त्र तिच्यातूनच निघते.

कसे, ते पाहू. चार पानांतून दोन पाने सहा प्रकारे उचलता येतात. म्हणजे ओमाहातला प्रत्येक हात हा सहा दुकलींचा संच असतो. (दोन सारख्या पानांच्या जोडीशी घोटाळा होऊ नये म्हणून या पुस्तिकेत हातातल्या कोणत्याही दोन पानांना ‘दुक्कल’ म्हटले आहे.) शेवटी त्यांपैकी एकच दुक्कल वापरायची असते, पण कोणती ते बोर्ड उघडल्यावर ठरते. म्हणून हाताची किंमत करताना पहिला प्रश्न असा : सहांपैकी किती दुकली कामाच्या आहेत?

इस्पिकचा राजा, चौकटचा राजा, बदाम सत्ती आणि किलवर दुर्री असा हात घ्या. नवख्याची नजर दोन राजांवर खिळते. आता दुकली मोजा. राजा-राजा ही एक, चांगली. राजा-सत्ती दोनदा, राजा-दुर्री दोनदा आणि सत्ती-दुर्री एकदा. या पाचांतून ना स्ट्रेट जुळतो, ना फ्लश. रंग चारही वेगळे आहेत. सहांतली एक दुक्कल जिवंत, पाच मेलेल्या. याच्या शेजारी इस्पिकचे गुलाम-दश्शी आणि बदामाच्या नव्वी-अठ्ठी ठेवा. गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-नव्वी, दश्शी-अठ्ठी, नव्वी-अठ्ठी : सहाही दुकली स्ट्रेटच्या कामाच्या आहेत आणि त्यांतल्या दोन एकाच रंगाच्या असल्याने फ्लशच्याही कामाच्या. या हातात गुलामाहून मोठे पान नाही, जोडी नाही. तरी अनुभवी खेळाडू राजांचा हात टाकून देईल आणि हा घेऊन खुशीत बसेल.

आता या दुसऱ्या हातातली अठ्ठी काढून तिच्या जागी एक परकी दुर्री टाका. गुलाम-दश्शी-नव्वी-दुर्री. एकच पान बिघडले, म्हणजे हात पाव हिश्शाने कमी झाला असे वाटते. प्रत्यक्षात दुर्री ज्या तीन दुकलींत होती त्या तिन्ही गेल्या आणि सहाच्या तीन उरल्या. दोन पाने परकी निघाली तर एकच दुक्कल शिल्लक राहते. चार कामाची पाने म्हणजे सहा दुकली, तीन म्हणजे तीन, दोन म्हणजे एक. सहा, तीन, एक ही उतरंड पाठ करावी. उरलेल्या तिघांशी काही नाते नसलेल्या अशा पानाला ओमाहाच्या टेबलावर ‘डँगलर’ म्हणतात, आणि तो असलेले हात ‘तीन पाने तर छान आहेत’ म्हणून खेळणे ही या खेळातली सर्वांत महागडी सवय आहे.

तीन एक्क्यांचे कोडेही इथेच सुटते. तीनांतले दोनच वापरता येणार. तिसरा हातात बसून राहतो, आणि तुम्हाला हवा असलेला एक्का त्याच्या रूपाने गड्डीतून कमी झालेला असतो. एका जोडीवर फ्लॉपला तिसरे पान लागून सेट होण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठांत एकदा. हातात तीन सारखी असतील तर ती निम्म्यावर, सव्वासहा टक्क्यांवर येते. चारही हातात असतील तर शून्य. आणि तीन एक्के हातात असताना चौथा बोर्डावर आलाच, तरी चार एक्के होत नाहीत. नियमाप्रमाणे हातातले दोन अधिक बोर्डावरचा एक, असे तीनच धरले जातात.

आतापर्यंत आपण फक्त स्वतःच्या हाताकडे पाहिले. पण सहा दुकली समोरच्याकडेही आहेत, आणि टेबलावरच्या प्रत्येकाकडे आहेत. याचा परिणाम एका हिशेबातून दिसेल. फ्लॉपवर नव्वी, पंजी आणि दुर्री आली. तुमच्या हातात दुर्रीची जोडी होती, म्हणजे तुमचा सेट लागला. समोरच्या एका खेळाडूकडे नव्वीची जोडी असून तो तुमच्या पुढे असण्याची शक्यता किती? त्याची पाने कोणतीही असू शकतात असे धरले, तर होल्डेममध्ये हे सुमारे ३६० वेळांतून एकदा घडते. ओमाहात ५७ वेळांतून एकदा. सहापटीहून थोडे जास्तच. आणि हा हिशेब एका प्रतिस्पर्ध्याचा, एका जोडीचा. पंजीची जोडीही त्यात धरा, टेबलावर पाच जण आहेत हे धरा, शिवाय जो माणूस अशा फ्लॉपवर भरभरून चिप्स लावतो त्याची पाने ‘कोणतीही’ नसतात हेही धरा.

म्हणून होल्डेममध्ये पुरेसा असलेला हात ओमाहात पुरत नाही. तिथे दोन जोड्यांवर, छोट्या सेटवर, राणीच्या फ्लशवर पॉट जिंकले जातात. इथे मोठा पॉट झाला की समोर बहुधा नट्स असतात, म्हणजे त्या बोर्डावर शक्य असलेला सर्वांत वरचा हात. दुर्री-दुर्री, तिर्री-तिर्री अशा जोड्या या पुस्तिकेत वारंवार ‘टाका’ या रकान्यात दिसतील, त्याचे कारण हेच. त्या लागत नाहीत असे नाही. लागतात, आणि लागल्यावर भलतीच किंमत वसूल करतात. यातून निवडीचा दुसरा प्रश्न निघतो : माझ्या दुकली जे घडवतील, ते नट्स असेल की दुसऱ्या क्रमांकाचे?

हा दुसरा प्रश्न पहिल्याइतका सहज नजरेत भरत नाही, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू. दोन हात घ्या. एकाकडे राजा-राणी-गुलाम-दश्शी, दुसऱ्याकडे सत्ती-छक्की-पंजी-चव्वी. दोन्हींत चार पाने ओळीने आहेत, दोन्हींतल्या सहाही दुकली स्ट्रेटच्या कामाच्या आहेत. पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर दोघे सारखेच. फ्लॉप उघडतो : नव्वी, अठ्ठी, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांच्या. दोघांचाही स्ट्रेट अजून झालेला नाही, पण दोघेही दाराशी उभे आहेत.

पहिल्याचा स्ट्रेट कोणत्या पानांनी होईल? राणी आली तर हातातल्या गुलाम-दश्शीने. अशा राण्या तीन उरल्या आहेत. गुलाम आला तर राणी-दश्शीने, तीन. दश्शी आली तर राणी-गुलामाने, तीन. सत्ती आली तर गुलाम-दश्शीने; सत्त्या चार. एकूण तेरा पाने. आता दुसऱ्याचे मोजू. दश्शी आली तर सत्ती-छक्कीने, चार. सत्ती आली तर छक्की-पंजीने, तीन. छक्की आली तर सत्ती-पंजीने, तीन. पंजी आली तर सत्ती-छक्कीने, तीन. यांचीही बेरीज तेरा. होल्डेममध्ये दोन्ही बाजूंनी उघडा असलेला स्ट्रेट ड्रॉ आठ पानांचा असतो. इथे दोघांकडे तेरा-तेरा आहेत. बोर्डाच्या पानांना हातातल्या तीन किंवा चार पानांनी असा वेढा घातला की त्याला ‘रॅप’ म्हणतात.

तेरा आणि तेरा. पण आता प्रत्येक पानावर विचारा, माझा स्ट्रेट सर्वांत वरचा असेल का? पहिल्याचे उत्तर तेराच्या तेरा वेळा ‘हो’ आहे. बोर्डावर दश्शी-नव्वी-अठ्ठी असताना राणी-गुलामाच्या वर काही नाही. नव्वी-अठ्ठी-सत्ती असताना गुलाम-दश्शीच्या वर काही नाही. उरलेल्या दोन ठिकाणीही तसेच. दुसऱ्याचे पाहा. दश्शी आली तर त्याचा स्ट्रेट दश्शीपर्यंत जातो, पण राणी-गुलामवाल्याचा राणीपर्यंत. सत्ती आली तर त्याचा नव्वीपर्यंत, गुलाम-दश्शीवाल्याचा गुलामापर्यंत. छक्की आली तर त्याचा नव्वीपर्यंत, दश्शी-सत्तीवाल्याचा दश्शीपर्यंत. फक्त पंजी आली तरच त्याचा हात सर्वांत वरचा. तेरा पानांपैकी तीन. बाकीची दहा पाने त्याला स्ट्रेट देतात, त्याच्याकडून चिप्स लावून घेतात आणि नट्स असलेल्या समोरच्याला ती पोचवतात. हे दोघे एकमेकांसमोर बसले असतील तर टर्नला दश्शी किंवा सत्ती येताच दोघांचेही स्ट्रेट एकदम पूर्ण होतात आणि तेवढ्यात एकाचे सगळे ताट रिकामे होते.

फ्लॉपवर पोचून हे कळले तर फार उशीर झालेला असतो, कारण तेरा पानांचा ड्रॉ सहसा कोणी सोडत नाही. चूक फ्लॉपवर झालेली नसते. ती चार पाने उचलून आत शिरताना झालेली असते. म्हणून ओळीने आलेल्या पानांत, ज्यांना ‘रनडाउन’ म्हणतात, वरच्या आणि खालच्या रनडाउनची किंमत एक धरता येत नाही. आणि याच कारणाने ओळीत खंड कुठे पडला आहे तेही पाहावे लागते. गुलाम-दश्शी-नव्वी-सत्ती यात खंड तळाशी आहे. वरची तीन पाने सलग असल्याने नट्सचे रॅप बऱ्याच अंशी टिकून राहतात. गुलाम-नव्वी-अठ्ठी-सत्ती यात खंड माथ्यावर आहे. रिकाम्या जागा दोन्हींत तेवढ्याच, पण दुसऱ्या हाताचे स्ट्रेट जास्त वेळा खालच्या टोकाचे निघतात. पहिला हात निर्धास्त खेळावा, दुसरा शेवटी बोलण्याची पाळी असेल आणि आत शिरणे स्वस्तात होत असेल तरच.

स्ट्रेटनंतर रंग. रंगांबाबतही तेच दोन प्रश्न : किती दुकली कामाच्या, आणि त्या नट्सपर्यंत नेतात का. चार पानांत रंगांची वाटणी पाच प्रकारे होऊ शकते. सर्वांत जास्त, शंभरातल्या सुमारे ५८ हातांत, दोन पाने एका रंगाची आणि दोन वेगवेगळ्या असतात. साडेतेरा टक्के हातांत दोन-दोन पाने दोन रंगांची असतात; हे ‘डबल सूटेड’ हात सर्वांत हवेसे. साडेदहा टक्क्यांत चारही रंग वेगळे. सोळा-साडेसोळा टक्क्यांत तीन पाने एका रंगाची, आणि उरलेल्या एक टक्क्यात चारही.

एका रंगाची दोन पाने हातात असतील, तर फ्लॉपला त्याच रंगाची नेमकी दोन पाने येऊन फ्लशचा ड्रॉ मिळण्याची शक्यता पावणेबारा टक्के आहे. दोन रंगांच्या दोन दुकली असतील तर ती दुप्पट, साडेतेवीस टक्के. आता हातात एकाच रंगाची तीन पाने असतील तर? होल्डेमची सवय सांगते, जास्त पाने म्हणजे जास्त चांगले. पण वापरायची दोनच; तिसरे पान तुमच्याच कामाचे एक पान गड्डीतून उचलून बसलेले असते, आणि शक्यता पावणेबारावरून दहा टक्क्यांच्याही किंचित खाली येते. चारही एका रंगाची असतील तर आठ टक्के. तीन एक्क्यांचा जो न्याय, तोच इथे.

रंगाची किंमत मात्र त्या रंगातले तुमचे मोठे पान ठरवते. एक्क्यासह आलेली दुक्कल फ्लश लागला की बहुतेक वेळा निश्चिंत असते. नव्वी-छक्कीचा फ्लश लागला तर तो कोणासमोर उघडायचा, हा प्रश्नच असतो. तरीही खालच्या रंगाला अगदी कवडीमोल समजू नये. डावात एकच प्रतिस्पर्धी उरला असेल तर छोटा फ्लशही पुष्कळदा जिंकतो, शिवाय स्ट्रेटच्या ड्रॉला जोडून आलेला छोटा फ्लश ड्रॉ हाताला आणखी एक वाट देतो. पाच जण पॉटमध्ये असतील तेव्हा मात्र त्याच फ्लशवर भरवसा ठेवून मोठी रक्कम लावणे महागात पडते.

इथवर वाचल्यावर वाचक विचारेल : मग एक्क्यांच्या जोडीचे काय? होल्डेममध्ये ती दर २२१ डावांत एकदा येते आणि राजांच्या जोडीसमोर पाचांतले चार डाव जिंकते. ओमाहात निदान दोन एक्के असलेला हात दर ३९ डावांत एकदा येतो, म्हणजे एका संध्याकाळीही अनेकदा. या सर्व हातांना ‘एक्के आले’ एवढेच म्हणणे हीच पहिली गफलत. चार वेगळ्या रंगांचे एक्का-एक्का-सत्ती-दुर्री घ्या : राजांच्या हातासारखीच यातही जवळजवळ एकच दुक्कल जिवंत. गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीच्या डबल सूटेड हातासमोर असे कोरडे एक्के जवळजवळ बरोबरीत येऊन ठेपतात. उलट एक्का-एक्का-गुलाम-दश्शी, आणि दोन्ही एक्क्यांच्या रंगाचे एकेक पान सोबत : यात एक्क्यांची जोडी आहे, दोन नट्स फ्लशच्या वाटा आहेत आणि गुलाम-दश्शीची स्ट्रेटची दुक्कलही आहे. असे दोन्ही एक्के रंगात असलेले हात दर ३१३ डावांत एकदाच येतात; तासाला तीस डाव धरले तर दहा तासांत एकदा. बाकीचे एक्के या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि त्यांची किंमत सोबतची दोन पाने ठरवतात.

कोरड्या एक्क्यांचे करायचे काय, हे पानांइतकेच समोरच्या चिप्सवर अवलंबून असते. ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट-लिमिट खेळतात, म्हणजे एका वेळी पॉटात असेल तेवढ्यानेच बोली वाढवता येते. ब्लाइंड १०० आणि २०० आहेत असे धरा. एक्केवाल्याने पूर्ण पॉटची बोली लावली, तर ती ७०० होते. समोरच्याने पुन्हा पूर्ण पॉटने वाढवली, तर २,४००. आता एक्केवाला दुसऱ्यांदा वाढवतो : त्याला जास्तीत जास्त ७,५०० करता येतात. समोरचा मागोमाग आला, ब्लाइंडवाल्यांनी पाने टाकली, तर पॉटात १५,३०० जमतात.

दोघांनी २०,००० घेऊन बसायला सुरुवात केली असेल, तर आता प्रत्येकाकडे १२,५०० उरले. ही रक्कम पॉटहून कमी आहे. फ्लॉपवर काहीही येवो, उरलेले सगळे आत ढकलणे एक्केवाल्याला परवडते. निर्णयच सोपा होऊन जातो. पण दोघांकडे ६०,००० असतील तर ५२,५०० अजून मागे आहेत, पॉटच्या तिपटीहून जास्त. फ्लॉपवर नव्वी-अठ्ठी-छक्की येते. शंभरातल्या ८८ वेळांप्रमाणे इथेही एक्केवाल्याला तिसरा एक्का मिळालेला नसतो. दोनदा वाढवल्यामुळे त्याच्याकडे एक्के आहेत हे टेबलाला ठाऊक झालेले असते; समोरच्याकडे काय आहे ते त्याला ठाऊक नसते. आता समोरच्याने बोली लावली की तो कात्रीत सापडतो : सोडले तर ७,५०० गेले, धरले तर ६०,००० पणाला. म्हणून चिप्स थोड्या असताना कोरड्या एक्क्यांनी जमेल तेवढी रक्कम फ्लॉपच्या आधीच आत घालावी, आणि चिप्स खोल असताना त्यांचा गवगवा न करता स्वस्तात फ्लॉप पाहावा. तेच एक्के, तेच टेबल. फक्त मागे उरणारी रक्कम बदलली की योग्य चाल उलटी होते.

यावरून या पुस्तिकेत काय नाही आणि का नाही, ते सांगतो. ओमाहात चार पानांचे २,७०,७२५ वेगवेगळे हात वाटले जाऊ शकतात. रंगांची नुसती अदलाबदल असलेले हात एकच धरले तरी १६,४३२ उरतात. होल्डेममध्ये असे हात फक्त १६९ असतात. १६९ हातांची क्रमवारी लावून पाठ करता येते आणि लोक करतात. सोळा हजारांची यादी छापली तरी कोणी पाठ करणार नाही. शिवाय यादीतला क्रमांक खेळाडूंची संख्या, बोलण्याची पाळी आणि समोरच्या चिप्स यांपैकी काहीच विचारात घेत नाही. एका प्रतिस्पर्ध्यासमोर वर बसणारा कोरड्या एक्क्यांचा हात पाच जणांच्या पॉटात खाली घसरतो. डबल सूटेड रनडाउनला मात्र गर्दी तितकी अडचणीची नसते, कारण ते लागतात तेव्हा बहुधा नट्स लागतात. म्हणून इथे यादीऐवजी हात चार गटांत मांडले आहेत : एक्क्यांचे हात, वरची मोठी पाने, रनडाउन आणि जोड्यांचे हात. प्रत्येक गटात आधी सहा दुकलींची मोजणी, मग नट्सची चाचणी, मग रंग, आणि शेवटी टेबलाची परिस्थिती, असा क्रम ठेवला आहे.

पुस्तिकेची मर्यादाही स्पष्ट असावी. यातले सगळे काही ज्यात वरचा हात पूर्ण पॉट जिंकतो त्या ओमाहाविषयी आहे. हाय-लो प्रकारात अर्धा पॉट सर्वांत लहान हाताला जातो. तिथे एक्का-दुर्री ही दुक्कल सोन्याची ठरते आणि इथले पुष्कळ निर्णय फिरतात. पाच पानांच्या ओमाहात सहाच्या ऐवजी दहा दुकली होतात. तत्त्व तेच, पण नट्सची मागणी आणखी कडक. हे दोन्ही प्रकार इथे बाजूला ठेवले आहेत.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्यामुळे मराठी खेळाडूला ओमाहाचे टेबल आता जवळात जवळ दिसते ते गोव्यातल्या कॅसिनोंत. तिथे बसणाऱ्याला पान टाकण्याचा कंटाळा येतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे. इतका प्रवास करून आलो, तासाला तीसच डाव मिळतात आणि चार पानांत काहीतरी बरे दिसतेच. मग ‘बघू या फ्लॉप’ म्हणत माणूस तीनांतले दोन हात खेळत सुटतो. त्यावरचा उपाय घरीच करता येतो आणि त्याला पैसेही लागत नाहीत. गड्डी पिसून चार पाने वाटा. दुकली मोजा आणि जिवंत असलेल्यांचा आकडा मोठ्याने सांगा. मग प्रत्येक जिवंत दुकलीसाठी ती नट्स कोणत्या फ्लॉपवर करील, तो फ्लॉप बोलून दाखवा. फ्लॉप सुचलाच नाही, तर ती दुक्कल जिवंतांतून वजा करा. सुरुवातीला एका हाताला मिनिट-दीड मिनिट लागेल. टेबलावर एवढा वेळ कोणी देत नाही, पण सरावाने ती मोजणी काही क्षणांत आटोपते. पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी असे निदान पन्नास हात वाटून पाहावेत. पुढे छापलेला प्रत्येक हात त्याच मोजणीने तपासलेला आहे, आणि वाचकाची मोजणी माझ्याहून वेगळी निघाली तर त्याने आधी स्वतःची पाने पुन्हा मोजावीत, मग माझी.